रेगेचा ऑफबीट आणि बेस: फरक तालात आहे की आवाजात?

नवखा
आम्ही चौघे रॉक वाजवतो. ऑफबीटवर, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या जागेवर, गिटार मारली की रेगे होईल असं वाटलं होतं. पण ऐकणारे म्हणतात रॉकच आहे, फक्त गिटार अडखळतेय. रेगेचा ऑफबीट आणि तो पुढे आलेला बेस रॉकपेक्षा इतके वेगळे का वाटतात? नेमकं काय बदलायचं?

रिमशॉट
गिटारचं नंतर बघू, आधी ड्रमरचा उजवा पाय बघा. मिनिटाला साधारण ७५ मात्रांच्या लयीत मोजा: एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. रॉकमध्ये किक एक आणि तीनवर, स्नेअर दोन आणि चारवर. रेगेच्या वन ड्रॉपमध्ये स्नेअरची जागा तीच राहते, फक्त तिथे बहुतेक वेळा क्रॉस-स्टिक असते, म्हणजे काठी स्नेअरवर आडवी ठेवून कडेवर मारलेला कोरडा ठोका. सरकते ती किक. तीसुद्धा दोन आणि चारवरच, क्रॉस-स्टिकच्या जोडीने पडते. एकवर किक नाहीच. बॉब मार्लीच्या वेलर्सचा ड्रमर कार्लटन बॅरेट हे कसं वाजवायचा ते ऐका. हाय-हॅट चालू असते, थोडी झुलतीसुद्धा, पण एकवर खाली काहीच नसतं.

रॉकचा ड्रमर एक सोडायला तयार नसतो. वर्षानुवर्षं पाय तिथेच पडलेला असतो, त्यामुळे आठ-दहा आवर्तनं नीट जातात आणि एखाद्या फिलनंतर किक पुन्हा एकवर येऊन बसते. रेगे तिथेच संपतो. सरावाला फिल बंदच ठेवा.

कानसेन
रिमशॉट, गडबड करताय. वन ड्रॉप तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि गिटार दोन-चारवर असते. कुठेही वाचा.

रिमशॉट
तुम्ही १५० ने मोजताय, मी ७५ ने. तुमची तिसरी म्हणजे माझी दुसरी. तुमचे दोन-चार म्हणजे माझे "आणि". दोन्ही चालतं, पण एका बँडमध्ये एकच चालतं. नवखा यांचा घोटाळा इथेच असावा असा माझा अंदाज आहे. गिटारवाल्याने कुठेतरी "दोन-चारवर मार" वाचलं, ड्रमर मात्र ७५ ने मोजतोय. मग गिटार नेमकी स्नेअरवरच पडते. मधली "आणि"ची जागा रिकामीच राहते, आणि ऐकणाऱ्याला अर्धी गिटार गाळलेला रॉक ऐकू येतो.

तपासायला सोपं आहे. दोघांनीच वाजवा. क्रॉस-स्टिक आणि गिटार कधीही एकत्र वाजता कामा नयेत. ७५ च्या लयीत दोन्हींत जवळजवळ ०.४ सेकंदाचं अंतर पडतं, ते कानाला स्पष्ट कळतं.

साउंडचेक
ताल, ताल आणि ताल. माफ करा, पण अर्धा फरक मिक्सचा आहे आणि त्यावर कोणी बोलतच नाही.

वेलर्सचा कॅच अ फायर घ्या. मूळ रेकॉर्डिंग १९७२ सालचं, किंग्स्टनचं. टेप लंडनला गेल्यावर रेकॉर्ड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलने त्यावर वेन पर्किन्सची गिटार आणि रॅबिट बंड्रिकचा कीबोर्ड चढवला, जमैकन पद्धतीचा जड बेस जरा आवरला, आणि १९७३ मध्ये रॉक ऐकणाऱ्यांसाठी अल्बम बाजारात आणला. २००१ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत मूळ जमैकन मिक्ससुद्धा आहेत. काँक्रीट जंगल दोन्हींत ऐका. लंडनवाल्यात लांब ओढलेल्या सुरांची गिटार आहे, सोलो आहे. जमैकनमध्ये ती जागा मोकळी आहे आणि बेस थेट अंगावर येतो. मूळ वाजवणारे तेच, ताल तोच, तरी एक मिक्स रॉकच्या बाजूला झुकलेलं. मग फरक तालात कसा?

रिमशॉट
झुकलेलं, पण रॉक झालेलं नाही! लंडनचं मिक्स ऐकूनही कोणी त्याला रॉकचा अल्बम म्हणत नाही. उलटा पुरावा देतो. द पोलिसचं सो लोनली. तेच तिघे, तीच वाद्यं, तेच मिक्स. कडव्यात रेगे, आणि ध्रुवपद आलं की सरळ धावता रॉक. तिथे ताल आणि गिटारचा हात यांखेरीज काय बदललं?

तिसरी_तार
दोघं भांडताय ती गोष्ट एकच आहे: कोणी किती जागा सोडली.

रॉकमध्ये डिस्टॉर्शनवाली गिटार सूर ओढून धरते. साधारण १०० हर्ट्झपासून वरची सगळी जागा तीच भरते. बेसला उरतो तो गिटारचाच मूळ सूर, तोही बहुतेक वेळा किकसोबत. म्हणून रॉकमधला बेस काढला की गाणं पातळ होतं, पण ओळखू येतं. रेगेची गिटार वरच्या तीन-चार तारांवर एक तुकडा वाजवून गप्प होते. कॉर्ड वाजल्या क्षणी डावा हात सैल करायचा, बोटं तारांवरच ठेवून. आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपला पाहिजे. डिस्टॉर्शन बंद, अँपचा बेस कमी. यामुळे खालची अख्खी पट्टी मोकळी होते आणि बेस तिथे चाल वाजवू शकतो. नुसता आवाज वाढवून बेस पुढे येत नाही, बाकीचे बाजूला झाले की येतो.

नवखा, तुमच्या बेसवाल्यासाठी एक साधी ओळ देतो. ए मायनर एक आवर्तन, डी मायनर एक आवर्तन, लय ७५. पहिल्या आवर्तनात एकवर गप्प. एकच्या "आणि"वर मोकळी ए तार, दोनवर सी, दोनच्या "आणि"वर ई, तीनवर पुन्हा ए आणि तो चारपर्यंत धरायचा. चार आला की तळहाताने दाबून बंद, पुढच्या आवर्तनापर्यंत शांत. डी मायनरला हाच आकार डी, एफ, ए, डी असा. मोकळा ए ५५ हर्ट्झचा आहे, ही सगळी ओळ १२० च्या आत राहते, म्हणजे गिटारच्या तुकड्याशी तिची गाठच पडत नाही.

यात सगळ्यात जास्त चुकतो तो चारवरचा थांबा. तिथे सूर लोंबकळला की पुढच्या एकवरचं रिकामपण बुजतं आणि कान तिथेच एक धरून बसतो. बाकी सगळं बरोबर असूनही मग रॉक ऐकू येतो. आणि बेसवाल्याला सवयीने प्रत्येक अर्ध्या मात्रेवर मूळ सूर ठोकायची हुक्की आली, तर त्याला चाल आधी तोंडाने गायला लावा. गाता आली नाही तर ती रेगेची बेसलाइन नाही.

ढोलकीवाला
म्हणजे आपली खालीच की! केरव्यात दुसऱ्या भागात डग्ग्याची घुमारी काढून घेतो, तसंच. आपल्याकडे हे कधीचं आहे.

तिसरी_तार
तसं नाही हो दादा. खालीत घुमारी काढता, पण चाट चालूच असते आणि सगळं समेवर येऊन टेकायचं असतं. इथे रिकामी सोडली आहे तीच सम. गाणारा टेकतो तेव्हा खाली आधार द्यायला ना किक असते, ना बरेचदा बेस. तुम्ही म्हणता ते "जागा सोडणं" बरोबर आहे, पण जागा वेगळी आहे.

ढोलकीवाला
बरं. मग ऑर्केस्ट्रात कीबोर्डवरचा रेगे रिदम लावला तर भागेल का? आमच्याकडे बेसवाला नाहीच.

साउंडचेक
भागेल, पण त्यातला बेस डाव्या हाताने स्वतः वाजवा, आयता ठेवू नका. आणि ऑर्गनचा बबल घाला. उजवा हात गिटारसोबत "आणि"वर, डावा हात त्याच्या किंचित आधी आणि किंचित नंतर, अगदी हलका. ऑर्गनचा आवाज वेगळा कळायला लागला की तो जास्त झालाय असं समजा.

कानसेन
माझा मूळ आक्षेप मोजण्याचा नव्हताच. एक रिकामा म्हणजे रेगे, हेच मला मान्य नाही. स्टेपर्सचं काय? १९७७ चं एक्सोडस घ्या. किक चारही मात्रांवर, एकवरसुद्धा. ते रेगे नाही?

रिमशॉट
आहे. मुद्दा बरोबर आहे. पण स्टेपर्समध्ये चारही किक सारख्या वजनाच्या असतात, त्यामुळे एकला वेगळा मान मिळत नाही. रॉकमध्ये एकवरची किक, बेस आणि गिटार असे तिघे एकदम पडतात, ते वजन इथे नसतं.

कानसेन
हे म्हणजे नियम मोडल्यावर नियम रुंद करणं झालं.

तिसरी_तार
कानसेन यांच्या बाजूने एक सांगतो. स्टेपर्समध्येही गिटार "आणि"वर आणि बेसची चाल किकपासून मोकळी, या दोन गोष्टी टिकून राहतात. मला वाटतं या दोन मूळच्या, रिकामा एक हा वन ड्रॉपचा गुण. रिमशॉटना हे पटणार नाही.

रिमशॉट
नाहीच पटत.

साउंडचेक
या सगळ्यात बेस इतका मोठा का झाला ते राहिलंच. १९६६ च्या सुमारास स्का मंदावून रॉकस्टेडी आला. लय उतरल्यावर बेसला सूर धरायला आणि थांबायला वेळ मिळाला. स्कामध्ये बेस सतत चालता असतो, तिथे थांबायला फुरसत नाही. दुसरं, जमैकात ही गाणी लोक रेडिओइतकीच साउंड सिस्टीमवर ऐकत, उघड्या अंगणात, माणसाएवढ्या स्पीकरच्या थप्पीसमोर. किंग टबी हा मुळात अँप बांधणारा माणूस. त्याने डब मिक्स करताना गाणं आणि गिटार अधूनमधून काढून फक्त ड्रम-बेस ठेवले आणि गाणं तरीही उभं राहिलं. रॉकमधून गिटार आणि गाणं काढून बघा काय उरतं.

आणि नवखा, तुम्ही ऐकताय कशावर? मोबाइलच्या स्पीकरवर ५५ हर्ट्झ येतच नाही. तिथे रेगे म्हणजे नुसती चिक-चिक गिटार. तुमच्या गिटारवाल्याने तेवढंच ऐकून तेवढंच उचललं असेल तर नवल नाही.

नवखा
मोबाइलवरच. मोजण्याचं आज ड्रमरला विचारलं, तो ७५ ने मोजतो आणि गिटारवाला दोन-चारवर मारतो. हेच होतं. आता एक अडचण: सरावाच्या खोलीत बेसचा अँप आठ इंची स्पीकरचा आहे. बेसचं बटण पूर्ण फिरवलं की खरखरतो.

तिसरी_तार
तो स्पीकर तेवढं खाली जाणारच नाही. बटण पुन्हा मध्यावर आणा. त्याऐवजी बेस गिटारवरचं टोनचं बटण जवळजवळ बंद करा आणि तारा ब्रिजपाशी न छेडता मानेकडे, बोटाच्या मांसल भागाने किंवा अंगठ्याने छेडा. पिक नको. फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत गुंडाळीच्या तारा परवडल्या तर उत्तम, नाहीतर ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पातळ पट्टी खोचा, नवीन तारांची झिणझिण जाते.

साउंडचेक
आणि किकला ६० हर्ट्झवर फुगवू नका, तिथे बेस बसलाय. दोघांना तीच जागा दिलीत तर नुसता गाळ होतो.

कानसेन
आधी स्टेपर्स वाजवा. चारही किक आयत्या आहेत, ड्रमरला पाय आवरायची कटकट नाही.

रिमशॉट
म्हणजे एक सोडायला तो कधीच शिकणार नाही.