डोळे पिवळे, लघवी गडद: तपासणी का?

> "४ दिवस डोळे पिवळट, लघवी चहासारखी. दुखत काहीच नाही. पथ्य पाळून थांबू का?"

थांबू नका, एक-दोन दिवसांत रक्त तपासा. पाणी कमी प्यायल्याने लघवी गडद होते, पण डोळे पिवळे होत नाहीत. डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य म्हणजे बिलिरुबिन. त्यातलं यकृतात प्रक्रिया झालेलं, म्हणजे डायरेक्ट बिलिरुबिनच लघवीत उतरतं. त्यामुळे दोष बहुधा यकृतात किंवा पित्तनलिकेत असतो, आणि नुसत्या डोळ्यांवरून कुठे ते कळत नाही.

समजा एकूण बिलिरुबिन ६, त्यात डायरेक्ट ४ आलं. एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम १५०० असेल तर यकृताला सूज. मग हिपॅटायटिस ए, बी, सी, ई तपासतात. एसजीपीटी ९० पण पित्त अडल्यावर वाढणारं एन्झाइम अल्कलाइन फॉस्फेटेज ६०० असेल तर नलिका अडली असावी, सोनोग्राफी हवीच. शौचाचा रंग फिका असेल तर हा संशय वाढतो. न दुखणारी कावीळ निरुपद्रवी समजू नका. स्वादुपिंडाची गाठही अशीच दिसते.

रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी पीटी-आयएनआर तपासणी मात्र वगळू नका. यकृत किती काम करतंय ते त्यावरून कळतं. एसजीपीटी उतरूनही आयएनआर वाढत असेल तर प्रकृती बिघडते आहे.

तोवर दारू बंद. पॅरासिटामॉल किंवा काविळीचा काढा मनाने घेऊ नका. थंडी वाजून ताप, गुंगी, बरळणं, रक्तस्राव यांपैकी काही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.