पर्सनल लोनच्या सँक्शन लेटरमध्ये तुम्हाला काय सापडलं? सही करण्याआधी आणि नंतरचे अनुभव

धागाकर्ती (रत्नागिरी): चक्रीवादळानंतर घराचे पत्रे आणि वासे बदलायला ३ लाखांचं लोन काढलं, १४ टक्के, ३६ महिने, ईएमआय १०,२५३. खात्यात आले २,८३,३२०. सुताराला शब्द दिलेला आणि पैसे कमी, तेव्हा कुठे लेटर नीट उघडलं. प्रोसेसिंग फी २ टक्के म्हणजे ६,०००, त्यावर जीएसटी १,०८०, आणि खाली बारीक अक्षरात इन्शुरन्स ९,६००. इन्शुरन्स मी मागितलाच नव्हता. तुमच्याकडे असं काही झालंय का, ते लिहा. मला अजून झोप लागत नाही यावरून.

गुहागरकर: झालंय ना, माझ्या मेव्हण्याच्या बोटीच्या इंजिनाच्या वेळी. पण आता काळजी नको, रिझर्व्ह बँकेने प्रीपेमेंट चार्ज बंदच केलेत, पैसे आले की बंद करून टाका लोन.

निवृत्त बँकवाला (चिपळूण): गुहागरकर, अर्धंच बरोबर आहे ते. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना नवा नियम आहे, पण तो फ्लोटिंग रेटच्या कर्जांना. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड रेटचं असतं, त्यामुळे लेटरमध्ये आधी 'फिक्स्ड' लिहिलंय की 'फ्लोटिंग' ते बघायचं, मग चार्जची ओळ वाचायची.

ताई, तुमचे आकडे मी कागदावर मांडून बघितले. ईएमआय पूर्ण ३ लाखांवर बसलाय, हातात मात्र २,८३,३२० आले. म्हणून खरा खर्च १४ नाही, वर्षाला १८ टक्क्यांच्या जरा वर जातो. इन्शुरन्स नसता तर पावणेसोळाच्या आसपास राहिला असता. ९,६०० वर तुम्ही ३ वर्षं व्याजही भरताय, हप्त्यातले साधारण ३२८ रुपये त्याचेच, म्हणजे एकूण ११,८०० च्या घरात. वरचा १८ टक्क्यांचा आकडा 'एपीआर' म्हणून 'की फॅक्ट स्टेटमेंट' या खर्चाच्या पानावर छापलेला असायला हवा, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते पान द्यावंच लागतं, आणि तुम्हाला समजेल त्या भाषेत. त्या पानावर नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

धागाकर्ती: पान आहे हो, इंग्रजीत, पीडीएफच्या अकराव्या पानावर. इन्शुरन्स त्यात आहे. आणि संमती म्हणून माझा ओटीपी आहे म्हणे. बँकेच्या मुलाने फोनवर सांगितलं 'लोनसाठी ओटीपी सांगा', मी सांगितला.

देवगडची सून: अगदी हेच माझं. पण मी पॉलिसी हातात आल्यावर विसाव्या दिवशी लेखी अर्ज दिला, फ्री लुकमध्ये रद्द करा म्हणून, ३० दिवसांची मुदत असते. थोडे कापून पैसे मिळाले, पण ते लोन खात्यात जमा झाले, हप्ता तोच राहिला. आधी विचारून ठेवा पैसे कुठे जाणार ते.

आंबेवाला: आमच्या पीककर्जातपण विम्याचे पैसे कापतात दरवर्षी, त्याचं काय करायचं?

निवृत्त बँकवाला: ते पीक विम्याचं आहे, त्याचे नियम वेगळे. इथे आयुष्याचा विमा कर्जाला जोडलाय, त्यात सरमिसळ नको.

मालवणकर: माका एक विचारायचा आसा. माझे १२ हप्ते भरून झाले, असाच १४ टक्क्यांचा ३ लाखांचा लोन, बंद करू की नको? चार्ज ४ टक्के लिवलेलो आसा.

निवृत्त बँकवाला: आता साधारण २,१३,५०० मुद्दल शिल्लक असेल. ४ टक्के आणि त्यावर जीएसटी धरून १०,०८० जातील, पुढचं व्याज वाचतं ३२,५०० च्या आसपास. तेव्हा करा. पण हेच ३० हप्त्यांनंतर केलंत तर वाचणारं व्याज २,४०० च्या आसपास आणि चार्ज २,८०० च्या जवळ, तेव्हा बंद करण्यात नुकसान. मात्र लेटरमध्ये दोन गोष्टी बघा, चार्ज शिल्लक मुद्दलावर लिहिलाय की मंजूर रकमेवर, आणि पहिले किती महिने बंदच करता येत नाही. दुसरी ओळ बऱ्याचदा 'लॉक इन' नावाने वेगळ्याच पानावर असते.

मालवणकर: मंजूर रकमेवर लिवलेला आसा, आत्ता बघितलंय.

निवृत्त बँकवाला: मग चार्ज ३ लाखांवर, जीएसटीसह १४,१६०. तरी आत्ता फायदा आहे, पण उशीर करू नका.

अलिबागकर: ओटीपी म्हणजे संमती, यावर कोणी तक्रार करून बघितलीय का? माझ्या बाबतीत बँक म्हणते रेकॉर्डिंग आहे, ऐकवत मात्र नाही.

धागाकर्ती: मी लेखी मागितलंय रेकॉर्डिंग. बँकेला ३० दिवस देते, उत्तर आलं नाही तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. काय होतंय ते इथे लिहीन. पॉलिसी येऊन २२ दिवस झालेत, तेव्हा उद्या सकाळी आधी रद्दचा अर्ज.