ठळक मथळे, बुलेटं आणि शेवटी 'थोडक्यात': एआयच्या मजकुराची ही मांडणी मदत की दिखावा?

दोनओळी (धागाकर्ता)
चॅटजीपीटी, जेमिनाय, कुणाकडूनही काही लिहून घ्या, साचा तोच. वर ठळक मथळा, खाली पाच बुलेटं, प्रत्येक बुलेटच्या तोंडाशी ठळक शब्द आणि कोलन, आणि शेवटी जे सांगून झालं तेच पुन्हा सांगणारा परिच्छेद. माझ्या मते हा निव्वळ दिखावा आहे, विचार न करता केलेलं लिखाण विचार केल्यासारखं दिसावं म्हणून. तुमचं मत? आणि असं होतं तरी का?

पानवेल
साफ असहमत. मुद्दे पाडून लिहिणं एआयने शोधलेलं नाही. शाळेत 'मुद्देसूद लिहा' हेच शिकवतात, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स तशाच असतात, शासन निर्णयातही क्रमांक घातलेले परिच्छेद असतात. फोनवर वाचणाऱ्याला हवी ती ओळ चटकन सापडावी लागते, सलग चारशे शब्दांचा ठोकळा कुणी वाचत नाही. तुम्हाला मजकूर आवडला नसेल तर मजकुराला नावं ठेवा, बुलेटला का?

उंटावरचा_शहाणा
कारण सोपं आहे. या मॉडेलांना शिकवताना माणसांसमोर दोन उत्तरं ठेवतात आणि चांगलं कुठलं ते विचारतात. माणसाला बुलेटं आवडतात, म्हणून मॉडेल बुलेटं देतं. विषय संपला. आणि इंग्रजी विकिपीडियावर असला मजकूर दिसला की थेट उडवतात, कारण ठळक मथळा म्हणजे एआय हे आता सिद्धच झालंय.

टंकलेखक
पानवेल, शासन निर्णयातले क्रमांक आणि ही बुलेटं यांत फरक आहे. तिथे क्रमांक असतो तो पुढे 'परिच्छेद ३ मधील तरतुदीनुसार' असं म्हणता यावं म्हणून. बुलेटला नावही नसतं आणि क्रमही नसतो. बुलेट एवढंच सांगते की 'या गोष्टी एकाच पातळीवरच्या आहेत, कुठूनही वाचा'. जिथे हे खरं असतं तिथे बुलेट उत्तम. किराण्याची यादी, अर्जासोबतची कागदपत्रं, यंत्राचे सुटे भाग. खरं नसतं तिथे ती मजकूर मोडते.

उदाहरण घ्या. प्रश्न: इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि किती घालायचं? ठरावीक साच्यातलं उत्तर असं येतं:

```
## बॅटरीची देखभाल
- **पातळी तपासा:** पाण्याची पातळी नियमित पाहा.
- **योग्य पाणी:** फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरा.
- **प्लेटा:** प्लेटा नेहमी बुडालेल्या ठेवा.
- **चार्जिंग:** बॅटरी पूर्ण चार्ज करा.

**थोडक्यात,** नियमित देखभालीने बॅटरी दीर्घकाळ टिकते.
```

एकही ओळ चूक नाही. आता तेच सलग लिहा: 'पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत घाला, कारण चार्ज होताना आतलं द्रावण फुगून वर चढतं आणि आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर आम्ल बाहेर येतं. पण प्लेटा उघड्या पडल्या असतील तर थांबू नका, आधी त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला, चार्ज करा, आणि उरलेलं नंतर.'

बुलेटांच्या उत्तरातून दोन गोष्टी गळल्या, आधी काय आणि नंतर काय, आणि अपवाद. 'कारण', 'पण', 'तर', 'नंतर' या शब्दांना तिथे जागाच नाही. ते उत्तर वाचून कुणी आधी काठोकाठ पाणी भरेल आणि मग चार्जिंगला लावेल, आणि एकाही सूचनेचा भंग केलेला नसेल.

पानवेल
उदाहरण चांगलंय, पण तुम्ही मुद्दाम वाईट यादी घेतलीत. हीच क्रमांक घालून लिहा:

```
1. झाकण उघडून पाहा: प्लेटा उघड्या आहेत का?
2. असतील तर प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला.
3. बॅटरी पूर्ण चार्ज करा.
4. आता खुणेपर्यंत पाणी घाला.
```

क्रम आला, अपवाद आला, चार ओळींत काम झालं. बॅटरीसमोर हातमोजे घालून उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या परिच्छेदापेक्षा हेच सोपं.

टंकलेखक
मान्य, कृती म्हणून तुमची यादी माझ्या परिच्छेदापेक्षा सरस आहे. मात्र तिच्यात 'का' उरलं नाही. द्रावण फुगतं हे ठाऊक नसलेला माणूस 'दोनदा कशाला झाकण उघडायचं' म्हणून दुसऱ्या पायरीलाच खुणेपर्यंत भरणार. म्हणजे यादीच्या वर कारणाचं एक वाक्य हवंच. आणि तुमच्या यादीत तोंडाशी ठळक शब्द नाहीत हेही बघा. क्रियापदाने चालणाऱ्या पायरीला त्या शेंडीची गरज लागत नाही. 'चार्जिंग:' असा शब्द ठोकला की पुढे 'कधी' हा प्रश्न विचारल्याशिवायच वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं.

तळटीप
उंटावरचा_शहाणा यांचं निम्मं बरोबर आहे. माणसांच्या पसंतीवरून शिकवणं हे एक कारण नक्कीच. पण बुलेटच आवडते असं म्हणणं घाईचं होईल. चॅटबॉट अरीना या नावाने सुरू झालेली एक तुलना आहे, तिथे लोक दोन अनामिक उत्तरांतून एक निवडतात आणि त्यावरून मॉडेलांची क्रमवारी लागते. ती चालवणाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये मांडणीचा प्रभाव वजा करून ही क्रमवारी पुन्हा काढली. हिशेबात चार गोष्टी धरल्या होत्या: उत्तराची लांबी, मथळ्यांची संख्या, ठळक शब्दांची संख्या, याद्यांची संख्या. त्यात सगळ्यात जास्त वजन लांबीचं निघालं, बाकी तिघांचं त्यामानाने किरकोळ. तरीही क्रमवारी हलली. जीपीटी-४ओ मिनी आणि ग्रोक-२ मिनी खाली आले, क्लॉड ३.५ सॉनेट आणि लामाचं ४०५बी वर गेलं.

म्हणजे लोकांना भरगच्च उत्तर आवडतं, आणि भरगच्च उत्तर अंगावर येऊ नये म्हणून मथळे लागतात, असाही अर्थ निघू शकतो. पण हा हिशेब कार्यकारण सांगत नाही. लांब उत्तर लोकांना नुसतं आवडलं की ते खरोखरच जास्त चांगलं होतं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

विकिपीडियाचं तर उलटं आहे. एआय लेखनाच्या खुणांचं पान तिथे आहे, त्यात अति ठळक शब्द आणि ठळक तोंडाच्या याद्या येतात, पण खूण म्हणून, पुरावा म्हणून नव्हे. झटपट काढून टाकण्याचा निकष वेगळा आहे: वापरकर्त्याला उद्देशून लिहिलेली वाक्यं तशीच राहणं, किंवा अस्तित्वातच नसलेले संदर्भ. नुसत्या बुलेटांवरून लेख उडवला तर निम्मे जुने लेखही जातील.

काजूबी
मला वाटलं धागा त्या `**` चांदण्यांबद्दल आहे. सोसायटीच्या ग्रुपवर सूचना चिकटवली की सगळीकडे दोन-दोन चांदण्या आणि `##` दिसतात. वर्डमध्येही तेच. मोबाइल बदलला तरी फरक नाही. काय करावं?

रात्रपाळी
मोबाइलचा दोष नाही. तो मजकूर मार्कडाउनमध्ये असतो, म्हणजे मांडणी साध्या चिन्हांनी लिहिलेली असते. चॅटच्या खिडकीत त्या चांदण्यांचा ठळक टाइप होतो, बाहेर त्या नुसत्या चांदण्या. व्हॉट्सॲपमध्ये ठळकसाठी दोन्ही बाजूंना एकच चांदणी लागते आणि मथळा हा प्रकारच नाही, म्हणून `##` तसंच राहतं. चिकटवण्याआधी `**` शोधून `*` करा, `##` काढून टाका.

वर्डमध्ये फाइंड अँड रिप्लेस उघडून 'यूज वाइल्डकार्ड्‌स'वर टिक करा आणि हे घाला:

```
Find what:    \*\*(*)\*\*
Replace with: \1
```

रिप्लेसच्या चौकटीत कर्सर ठेवून `Ctrl+B` दाबा, मग बदला. एक चांदणीजोडी जरी तुटलेली असेल तरी तिथून पुढे सगळं उलटं ठळक होतं, म्हणून एकदम सगळं बदलण्याआधी दोन-तीन ठिकाणी एकेक करून पाहा.

मराठीत आणखी एक गोची आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. `**बॅटरी**चा` हे नीट ठळक होतं, पण शब्दाला अवतरणचिन्ह असेल तर चॅटच्या खिडकीतही चांदण्या उघड्या पडतात:

```
**'बॅटरी'**चा     ← चांदण्या दिसतात
'**बॅटरी**'चा     ← नीट ठळक होतं
```

मार्कडाउनचा नियम असा की बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल तर त्यांच्यापुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्हच हवं. इंग्रजीत शब्दापुढे बहुतेक वेळा मोकळी जागा येतेच, आपल्याकडे 'चा' येतो. कंसालाही हेच लागू.

दोनओळी
रात्रपाळी, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण चांदण्या काढल्याने माझी तक्रार मिटत नाही. बुलेटं पुसून ओळी जोडल्या तरी 'चार्जिंग: बॅटरी पूर्ण चार्ज करा. प्लेटा: प्लेटा नेहमी बुडालेल्या ठेवा.' असं तुटक राहतं. आणि शेवटच्या परिच्छेदाबद्दल कुणीच बोललं नाही.

टंकलेखक
कारण तुटकपणा चिन्हांत नाही, वाक्यांत आहे. म्हणून मांडणी नंतर खरवडण्यापेक्षा मागतानाच सांगावं. 'बुलेट नको' म्हणण्यापेक्षा 'सलग दोन परिच्छेदांत लिही, प्रत्येक सूचनेसोबत कारण आणि अपवाद दे' असं म्हटलेलं जास्त चालतं. तुमचा प्रश्नच मथळे-बुलेटांत असेल तर उत्तरही तसंच येण्याकडे कल असतो. आणि लांब संवादात पाच-सहा उत्तरांनंतर जुनी सवय परत येते, तेव्हा पुन्हा बजावावं लागतं.

शेवटच्या परिच्छेदाची पुनरुक्ती त्रासदायक आहेच, पण खरा धोका अटी गळण्याचा. वर 'प्लेटा उघड्या असतील तर' अशी अट असते आणि खाली 'पूर्ण चार्ज झाल्यावर पाणी घाला' असं सरसकट विधान उरतं. घाईतला माणूस शेवटचंच वाचतो. तपासायचं असेल तर शेवटच्या परिच्छेदातलं प्रत्येक विधान वर शोधा. 'नियमित देखभालीने बॅटरी दीर्घकाळ टिकते' याबद्दल वर अवाक्षर नाही, ते फक्त उत्तर मिटवायला आलंय.

पानवेल
शेवटच्या परिच्छेदाबाबत तुमच्या बाजूने. सारांश हवाच असेल तर तो वर हवा, निर्णयासकट, आणि तोही अहवाल आठ-दहा पानांचा असेल तर. दीडशे शब्दांना सारांश कसला.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. मराठीत उपसंहाराशिवाय निबंध पुरा होत नाही हे आपणच पिढ्यान्‌पिढ्या घोटून घेतलं. आपल्या मुलाने लिहिला तर गुण आणि यंत्राने लिहिला तर दिखावा, हे कसं?

तळटीप
निबंधात विषय परीक्षकाला आधीच माहीत असतो, तो मांडणी तपासत असतो. बॅटरीवाल्याला उत्तर माहीत नसतं. दोघांसाठी एकच साचा चालेल का, हा प्रश्न आहे.

पानवेल
मग निबंधाचा साचाही बदला म्हणा की. तिथे कुणी बोलत नाही.

उंटावरचा_शहाणा
विकिपीडियाचं पान वाचून आलो, तळटीप यांचं बरोबर आहे. पण पसंतीबद्दल मी अजून माझ्याच मतावर. लांबीचं वजन जास्त निघालं तरी बुलेटांचं शून्य निघालं नाही ना?

तळटीप
शून्य नाही. पण ती तुलना बहुतांशी इंग्रजी प्रश्नोत्तरांची. मराठी वाचकाला काय आवडतं ते त्यावरून काढू नका.