अनुभव धागा: उद्याच्या स्वयंपाकाची संध्याकाळची आठवण किती वाजता लावता आणि त्यात काय बघता?

जाईजुई
सकाळी सातला स्वयंपाकाच्या मावशी येतात आणि दारातच "ताई, आज काय करू?" विचारतात, त्या घरांसाठी हा धागा. फोनवर संध्याकाळी गजर तर लावायचा, पण तो कशासाठी आणि किती वाजता, ते नेमकं लिहा.

ओटा_आणि_कट्टा
गजरावर नुसतं "उद्याचा मेनू" लिहिलं की तो बंद करून माणूस झोपतो. सकाळी जे काही केल्या होणार नाही तेवढंच त्यात लिहावं: भिजत काय, विरजण लावलं का, कणीक किती, भाजी कोणती.

चार माणसांचं घर धरू. उद्या छोले, चौदा पोळ्या, भात आणि काकडीची कोशिंबीर. छोले एक मोठी वाटी, तिप्पट पाण्यात, रात्री नऊच्या आत भिजले की सकाळी सातपर्यंत दहा तास मिळतात. दाणा नखाने दाबल्यावर सहज दुभंगला आणि आत पांढरा कोरडा ठिपका दिसला नाही, म्हणजे भिजला. ठिपका असेल तर कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही मध्ये कचकच राहते. एक किलो कणकेच्या घडीच्या साधारण तीस-पस्तीस पोळ्या होतात, म्हणजे चौदांना अर्धा किलो पुरते. पण डबा उघडून हात घालून बघा; बाहेरून भरलेला वाटणारा डबा तळाशी आलेला असतो, आणि सकाळी सातला गिरणी उघडी नसते. छोल्यांना तीन कांदे, तीन टोमॅटो आणि आलं लागेल. आलं हमखास विसरतं.

मिरजकर
उसळीची मटकी पण अशीच रात्री आठला भिजवायची, सकाळी मोड तयार. दुकानातून आणायची गरज नाही.

ओटा_आणि_कट्टा
घरी मोड आणणं चांगलंच, पण रात्री भिजवलेल्या मटकीला सकाळी मोड आलेले नसतात, ती फक्त फुगलेली असते. भिजायला सात-आठ तास, मग फडक्यात बांधून आणखी दहा-बारा तास, थंडीत त्याहून जास्त. बुधवारी सकाळी उसळ हवी असेल तर मंगळवारी सकाळी भिजवायची आणि संध्याकाळी उपसून बांधायची. म्हणून उसळीची आठवण सोमवारच्या गजरात हवी.

मिरजकर
बरोबर, मी बांधायचा वेळ धरलाच नव्हता. उन्हाळ्यात मात्र लवकर येतात.

पाच_घरच्या_मावशी
मी पाच घरी स्वयंपाक करते, मुलीकडून लिहून घेतेय. रात्री दहाला मेसेज नको, आम्ही झोपलेलो असतो, आणि यादी वाचायलाही सगळ्यांना जमत नाही. भिजवलेलं भांडं ओट्यावर झाकून ठेवा आणि भाजी फ्रीजच्या वरच्याच कप्प्यात समोर ठेवा, म्हणजे न विचारता कळतं. मेथी किंवा गवार असेल तर रात्रीच निवडून ठेवा. मेथीची जुडी निवडायला वीस मिनिटं जातात, तेवढ्यात माझ्या पुढच्या घरची वेळ होते. आणि चार माणसांना मेथीची एक जुडी पुरत नाही, शिजून मूठभर होते. दोन आणा.

सदाफुली_दुबई
आमच्याकडे मावशी नाहीत, मीच करते. रविवारी कांदा-टोमॅटोचं वाटण करून डब्यांत गोठवते, त्यामुळे मला गजर लागत नाही.

जाईजुई
सदाफुली, इथे दुसऱ्याच्या हाती स्वयंपाक देताना काय ठरवून ठेवायचं ते विचारलंय. पण वाटण गोठवलेलं असेल तर तो डबा रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवून ठेवायचं गजरात घालता येईल.

हिशेबी
एकच गजर पुरत नाही. रात्री नऊला कळलं की टोमॅटो नाहीत, तर भाजीवाला उठलेला असतो. एक गजर ऑफिसातून निघताना सहा-साडेसहाला, खरेदीसाठी. दुसरा नऊला, भिजवणं आणि विरजणासाठी. दूध कोमट झालं की चमचाभर दही घालून ढवळायचं. गरम दुधात घातलं तर सकाळी फुटलेलं दिसतं.

ओटा_आणि_कट्टा
दोन गजर झाले की दुसरा हळूहळू दुर्लक्षित होतो. पावणेआठला एकच लावला तर दुकानही उघडं असतं आणि भिजवायलाही वेळ असतो.

हिशेबी
घर आठ वाजता गाठणाऱ्याने पावणेआठला डबा कसा उघडून बघायचा?

कोथरूडची_काकू
गजरात कॅलेंडरही बघा. उद्या एकादशी निघाली तर छोले बाजूला. साबुदाणा धुऊन, पाणी काढून, दाण्यांच्या वर जेमतेम येईल इतकंच पाणी ठेवून रात्री झाकायचा. जास्त पाणी झालं की खिचडीचा गोळा. दाण्याचं कूट आहे का तेही बघा, नाहीतर सकाळी भाजण्या-सोलण्यात अर्धा तास.

जाईजुई
घरात एकालाच उपास आणि बाकी तिघांना डबा, तेव्हा मावशींना दोन्ही कामं एका तासात जमतात का? रात्रीच काय उरकून ठेवता?