दुकान सांभाळून चार्ट बघणं जमतं का? मदत हवी आहे

किराणा_बार्शी
नमस्कार मंडळी, माझं किराणा दुकान आहे, सकाळी 7 ते रात्री 9. दोन महिने झाले चार्ट शिकतोय, कॅन्डल सपोर्ट वगैरे बऱ्यापैकी कळायला लागलंय पण गल्ल्यावर बसून काही जमेना. काल एकीकडे गिऱ्हाइकाला शेंगदाणे तोलून देत होतो, तेवढ्यात स्टॉपलॉस टाकायचा राहिला आणि 3200 गेले. धंदा करून हे होतं का नाही एवढंच सांगा, आणि खरं सांगा.

तात्या६२
चार्ट म्हणजे कल्याणचा का? बाळा त्याच्या नादी लागू नकोस. आमच्या गल्लीतली दोन घरं बसली त्यात.

किराणा_बार्शी
नाही हो तात्या, मटका नाही. शेअर मार्केट.

मेडिकलवाला_सांगली
दादा, तुम्ही घेता काय? शेअर की ऑप्शन? चार्ट किती मिनिटांचा आणि पैसे किती लावलेत? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

ट्रेंड_पकडा
15 मिनिटांचा लावा आणि सुपरट्रेंड टाका. हिरवा झाला की घ्यायचं, लाल झाला की निघायचं. मी ऑफिसात बसून हेच करतो, जास्त डोकं चालवायचं नाही.

किराणा_बार्शी
निफ्टीचे ऑप्शन, 5 मिनिटांचा चार्ट. 1 लाख होते, आता 78 हजार राहिलेत. दिवाळीच्या मालाचे पैसे आहेत, हे घरी माहीत नाही.

मेडिकलवाला_सांगली
मग दादा, पहिलं मालाचे पैसे बाहेर काढा. व्यापाऱ्याची तारीख आली की तोट्यातला सौदा मोडावा लागतो, तेव्हा चार्ट काय म्हणतो ते कोण बघत नाही.

आता प्रश्नाकडे येतो. माझं मेडिकल आहे, 9 वर्षं झाली हे करतोय. 5 मिनिटांचा चार्ट गल्ल्यावरून होत नाही. बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हाच आपल्याकडं गर्दी असते, आणि त्या चार्टवर एक गिऱ्हाईक म्हणजे दोन कॅन्डल गेल्या. शिवाय सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिलेत, तीन वर्षांत ऑप्शन-फ्युचर करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात. त्यात दिवसभर स्क्रीनसमोर बसणारेही आहेत.

जमतं ते डिलिव्हरीचं, म्हणजे शेअर विकत घेऊन ठेवायचं. रात्री दुकान बंद केल्यावर दिवसाची कॅन्डल बघायची, ती बदलत नाही. समजा शेअर 420 ला आहे आणि 400 च्या खाली गेला तर आपला अंदाज चुकला. शेअरमागे धोका 20 रुपये. एका सौद्यात 1000 च्या वर घालवायचे नाहीत असं ठरवलं तर 50 शेअर, म्हणजे 21 हजार लागतात. घेतले की लगेच जीटीटी टाकायची, म्हणजे भाव 400 ला आला की विकायची ऑर्डर आपोआप जाते, मग दिवसभर मोबाईल बघायची गरज नाही.

ट्रेंड_पकडा
एवढ्या कटकटीपेक्षा सुपरट्रेंडच दिवसाच्या चार्टवर टाका ना, तोच स्टॉप दाखवतो.

मेडिकलवाला_सांगली
चाल एका दिशेनं असली तर तो चांगला चालतो, मान्य. पण भाव एकाच पट्ट्यात खालीवर व्हायला लागला की घ्या-विका घ्या-विका होतं, आणि प्रत्येक वेळी चार्जेस वेगळे.

ट्रेंड_पकडा
मला तरी तसा त्रास झाला नाही.

मेडिकलवाला_सांगली
किती महिन्यांचा हिशोब आहे तुमचा?

वहीखातं_पुणे
दादा, सीएला सांगितलंत का? ऑप्शनचा तोटाही रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, तो धंद्याचं उत्पन्न धरतात. माझ्या मेव्हण्यानं दाखवला नाही, नोटीस आली.

किराणा_बार्शी
ते नंतर बघतो. मेडिकलवाले साहेब, जीटीटी टाकली की झालं का? रात्रीतून पडला तर?

मेडिकलवाला_सांगली
तिथंच माझा हात पोळला. माझा स्टॉप 400 चा होता, आणि लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव, 398. रात्री कंपनीचा निकाल लागला आणि सकाळी शेअर 385 ला उघडला. ट्रिगर लागला, पण 398 ला घेणारंच कोणी नव्हतं, ऑर्डर तशीच पडून राहिली. मी गोळ्या काढून देत होतो, दुपारी बघितलं तर 371. हजाराच्या जागी 2450 गेले. आता लिमिट बरीच खाली ठेवतो, 380 वगैरे. विकायला टाकलेली लिमिट खाली असली तरी त्या वेळचा मिळेल तो चांगला भावच मिळतो. लोअर सर्किट लागून घेणारंच कोणी उरलं नाही तर मात्र तेही कामाचं नाही. म्हणून निकालाच्या आदल्या दिवशी मी बाहेर असतो.

अजून एक, तुमच्या डिमॅटला डीडीपीआय आहे का, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी? नसेल तर त्या दिवशी टीपिन टाकून मंजुरी दिल्याशिवाय शेअर विकले जात नाहीत, जीटीटी लागूनही ऑर्डर रिजेक्ट होते.

किराणा_बार्शी
आत्ताच ॲपमध्ये बघितलं, डीडीपीआय नाही. आणि साहेब, यातून मिळतं किती?

मेडिकलवाला_सांगली
खरं सांगायचं तर पहिली 3 वर्षं तोटाच होता. 9 वर्षांचा हिशोब मांडला तर साध्या निफ्टी इंडेक्स फंडाच्या फार पुढं नाही मी. मला आवड आहे म्हणून करतो. तुम्हाला फक्त पैसे वाढवायचे असतील तर फंड बरा.

ट्रेंड_पकडा
माझा हिशोब 4 महिन्यांचा आहे.

किराणा_बार्शी
ऑप्शन उद्या सकाळीच बंद करतो. 78 मधले 60 मालाला परत. राहिलेल्या 18 हजारांत 420 वाले 50 शेअर बसत नाहीत, मग 40 घेतले तर चालतील का?

मेडिकलवाला_सांगली
एकाच शेअरात सगळे नका घालू. 10 घ्या, आणि आधी डीडीपीआय करून घ्या.