मदत हवी आहे: होमस्टेवर संध्याकाळचं काम मिळतंय, घरचे म्हणतात आधी अभ्यास

वाळूतली_पावलं
लवकर सांगा, उद्या सकाळी मालकांना हो की नाही ते कळवायचं आहे. तारकर्लीला ओळखीच्या होमस्टेवर काम मिळतंय. नाताळची गर्दी सुरू होतेय, त्यांना माणूस हवाच आहे. बाबा एकच वाक्य बोलतात, "आधी अभ्यास." आई गप्प. वीस रुपये लागले तरी मागावे लागतात आणि कशाला हवेत ते सांगावं लागतं. घरच्यांना कसं पटवू?

रापण
रे झिला, तुझा वय काय, कितवीत आसस, ता आधी सांग. काम कसला आणि किती वाजल्यापासना? नायतर कोण काय सांगतलो?

जांभा_चिरा
अठराच्या आत नोकरी म्हणजे बालमजुरी. तुला कामावर ठेवणारा मालक तुरुंगात जाईल. विषय संपला, पुस्तक उघड.

वाळूतली_पावलं
सोळा पूर्ण, अकरावी सायन्स. संध्याकाळी सहा ते साडेदहा. जेवणाची ताटं वाढायची, टेबलं पुसायची, पाणी द्यायचं. रोजचे अडीचशे आणि जेवण.

होडीवाला
अडीचशेत काय होतंय? सीझनला वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवर ये, पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून दिलंस तरी जास्त सुटतील. मी पंधराव्या वर्षापासून बोटीवर आहे.

तुळशीवृंदावन
त्याला बोटीवर बोलवू नका हो. माझा मुलगा मागच्या मे महिन्यात एका खाणावळीत होता. मालक म्हणाले, हिशेब सीझन संपल्यावर. जूनमध्ये पाऊस आला, खाणावळ बंद झाली आणि पोराला निम्मेच पैसे मिळाले. कुठे काही लिहिलेलंच नव्हतं, मग भांडणार कशावर? बाळा, पैसे दर आठवड्याला घे आणि तारीखवार वहीत लिहून मालकांची सही घेत जा.

माडाची_सावली
मी वीस वर्षं होमस्टे चालवतो, शिकणारी मुलं माझ्याकडे सुट्टीत येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जांभा_चिरा, तुमचं अर्धंच बरोबर आहे. 1986 चा कायदा 2016 मध्ये सुधारला. चौदाच्या आतल्या मुलाला बाहेर कामाला ठेवता येत नाही. चौदा ते अठरामधल्यांना धोकादायक नसलेलं काम करता येतं. पण त्यालाही वेळेची मर्यादा आहे: संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. सलग तीन तासांनंतर किमान एक तास सुट्टी, आणि सुट्टी धरून दिवसाचे सहा तास. जादा वेळ नाही, आठवड्यात एक दिवस रजा.

म्हणजे पावलं, तुझ्या साडेचार तासांतला पहिला एकच तास नियमात बसतो. बाबांना पटवायच्या आधी मालकांशी बोल. आणि तुझा दिवस इथे लिही: कॉलेज, क्लास, एसटी, झोप, सगळं.

वाळूतली_पावलं
हे माहीतच नव्हतं. मालकांनाही नसेल.

सकाळी साडेपाचला उठतो. कॉलेज साडेसात ते साडेबारा, एसटीने घरी पोचायला दोन वाजतात. तीन ते पाच क्लास. काम घेतलं तर सायकलने घरी यायला सव्वाअकरा होतील.

माडाची_सावली
मग सव्वाअकरा ते साडेपाच झोप आणि अभ्यासाला पाच ते सहा हा एकच तास, त्यात होमस्टेवर जायचंय. तुझे बाबा हेच बघतायत, फक्त त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं. शिवाय पर्यटक नऊला जेवायला बसतात. साडेदहाला माझं स्वयंपाकघर आजवर कधी बंद झालेलं नाही. भांडी आवरून अकरा वाजतातच.

त्यापेक्षा रविवार माग. नऊ ते बारा, मग एक तास सुट्टी, मग एक ते तीन. पर्यटक साधारण दहाला खोल्या सोडतात आणि दुपारी नवीन येतात. मधल्या वेळात चादरी बदलायच्या, ओले टॉवेल दोरीवर घालायचे, न्हाणीघर घासायचं, खाटेखालची वाळू काढायची. या कामाला माणूस मिळत नाही, म्हणून भाव करता येतो. आमच्याकडे अशा दिवसाचे दोनशे देतो. महिन्याला चार रविवार, आठशे रुपये.

जांभा_चिरा
नियम मला पूर्ण माहीत नव्हता, मान्य. पण रविवार गेला तर जर्नल कधी पूर्ण करणार? बारावीचा पाया अकरावीत असतो. माझा भाचा असाच पैशाच्या मागे लागून वर्ष वाया घालवून बसला.

कलमवाला
देवगडकडची कलमं आहेत आमची. नाताळ सोड, एप्रिलमध्ये ये. अकरावीची परीक्षा संपली की मे अख्खा मोकळा. झेल्याने उतरवलेला आंबा आधी प्रतवारीला येतो. वजनाप्रमाणे चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटीचे वेगळे ढीग. डागी आणि उन्हाने भाजलेला बाजूला. पेटीत पेंढा घालून थर लावायचे. हे काम पोरं दोन दिवसांत शिकतात. एक सांभाळ: देठ तुटला की चीक उडतो, कातडीवर पडला तर काळे चट्टे उठतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल आणि हात डोळ्यांकडे नेऊ नकोस.

आणि अजून एक. वाशीला जाणारी गाडी रात्री भरतात, त्यामुळे पॅकिंग रात्रीपर्यंत लांबतं. मोठी माणसं थांबतात, तू सातला उठायचंस. मुकादम "अजून दहाच पेट्या" म्हणेल, तरी.

सोलकढी
कलमवाले, बाहेरून चांगला दिसणारा आंबा कापल्यावर साका निघतो तो कशाने? गेल्या वर्षी पेटीतले निम्मे तसेच.

कलमवाला
साका बाहेरून आम्हालाही दिसत नाही हो. उशिरा उतरवलेल्या, जास्त पिकू दिलेल्या फळात जास्त निघतो. उतरवलेलं फळ तापलेल्या जमिनीवर उन्हात राहिलं तरी त्रास. तुम्ही वेगळा धागा काढा, पोराचं राहील.

निळा_समुद्र
घरबसल्या टायपिंगचं काम कर ना भाऊ. नोंदणीचे पाचशे भरायचे, महिन्याला दहा हजार. माझ्या मित्राने भरलेत.

रापण
भरल्यान, पण गावले काय? कामासाठी आधी पैसे मागणाऱ्याक एक रुपयो देव नको.

तुळशीवृंदावन
पावलं, एक विचारू? पैसे नेमके कशाला हवेत? तू ते लिहिलंच नाहीस.

वाळूतली_पावलं
मोबाईलला. घरात आईचा एकच आहे. क्लासचे व्हिडिओ रात्री आठनंतर येतात आणि तेव्हा ती आमसुलांच्या ऑर्डरी घेत असते. कुणाचा फोन आला की व्हिडिओ बंद होतो. फिजिक्सच्या चाचणीत पंचवीसपैकी अकरा पडले, ते यामुळेच असं मला वाटतं. बाबांना सांगितलं नाही. एसटीत पगार कधी उशिरा होतो, मला मागायला नको वाटतं.

तुळशीवृंदावन
अरे मग हे सांग ना त्यांना! त्यांना वाटतंय पोराला हिंडायला पैसे हवेत. अकरा मार्क आणि मोबाईल दोन्ही एकदमच सांग.

जांभा_चिरा
आमसुलांच्या ऑर्डरी दिवसा घेता येणार नाहीत का? आठ ते दहा मोबाईल तुझा. खर्च शून्य.

माडाची_सावली
हे आधी करून बघण्यासारखं आहे. पण गिऱ्हाईक आपल्या सोयीने फोन करतं, दिवसभर घरकाम आणि रात्री फोन असं तिचं चालत असेल. आईलाच विचार.

वाळूतली_पावलं
काल रात्री बोललो. बाबा अकरा मार्कांवर आधी चिडले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणाले, जानेवारीअखेरपर्यंत फक्त रविवार, पुढच्या चाचणीत सोळाच्या खाली गेलास तर बंद. आई नऊनंतर मोबाईल देणार, पण काल पावणेदहाला दापोलीहून फोन आलाच. मालकांना सातचा नियम सांगितला. ते म्हणाले, "रविवारचं बघतो, आत्ता मला रात्रीचाच माणूस हवाय." अजून काही कळवलेलं नाही.

कलमवाले, एप्रिलला नक्की येऊ का? राहायची सोय आहे की रोज जाऊन-येऊन?

कलमवाला
राहायला आहे, पण तुझ्या बाबांनी स्वतः येऊन जागा बघितल्याशिवाय मी ठेवून घेणार नाही. यंदा मोहर उशिरा आहे, तारीख मार्चमध्ये सांगतो.