विमा २० लाखांचा, मग ४ लाखांच्या नुकसानीला २ लाखच का?

> ‘म्हापशातल्या घरावर आंब्याचं झाड पडलं. नळे, वासे मिळून ४ लाखांचं नुकसान. विमा २० लाखांचा, तरी २ लाखच मंजूर?’

सर्व्हेअरने घर नव्याने बांधायचा खर्च ४० लाख धरला असणार. (त्यात जमिनीची किंमत येत नाही.) तुमचा विमा त्याच्या निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी: ४ × २० ÷ ४० = २ लाख. बाकीच्या निम्म्या घराचे विमाकार तुम्हीच!

पण पॉलिसीचं नाव बघा. एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’त ही कपात माफ आहे, विमारकमेपर्यंत पूर्ण नुकसान मिळतं. त्याआधी घेतलेली, दहा वर्षांच्या मुदतीची जुनी पॉलिसी असेल तर मात्र कपात लागतेच. तशी नसेल, तर कपातीचं कलम लेखी मागा.